उजवा रकाना

मला लिहिता येतं, असा माझा पक्का समज होता. लग्नाआधी निपाणीत एका हायस्कुलात मी मराठी शिकवत असे. निबंधाच्या वह्या तपासता तपासता स्वतःही लिहायला लागले. लग्न होऊन बेळगावला आले, मुलं मोठी झाली आणि इथल्या पेपरच्या रविवारच्या पानावर माझे लेख येऊ लागले. गल्लीत ‘पेपरात लिहिणाऱ्या वैनी’ अशी ओळख झाली. त्यामुळं एका शाळेच्या फिल्मचं निवेदन लिहायचं काम समोर आलं, तेव्हा त्यात अवघड असं काही मला दिसलंच नाही.

काम खरं तर नवऱ्याचं होतं. त्याचा कॅम्पात फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, फौजेच्या भरतीला आलेल्या पोरांचे पासपोर्ट फोटो, यावर आमचं घर चाललं. तो खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला, बोलायला कमी आणि बघायला तेज. एक दिवस उद्यमबागेत मशीन शॉप चालवणारे एक गृहस्थ स्टुडिओत आले. कडोलीच्या वाटेवर त्यांचं गाव. गावातल्या हायस्कुलाला पन्नास वर्षं होत होती आणि ते माजी विद्यार्थ्यांच्या समितीचे अध्यक्ष होते.

“वीस मिनिटांची फिल्म पायजे,” ते म्हणाले. “समारंभात पडद्यावर दाखवायची. शाळा कशी उभारली, कोण कोण शिकलं, सगळं आलं पायजे. लोकांच्या डोळ्याला पाणी आलं पायजे बघा.”

“लिहिणार कोण?” नवऱ्यानं विचारलं.

“म्हंजे? वैनी हायत की घरात.”

मी त्याच रात्री जेवणं झाल्यावर बसले आणि दोन दिवसांत लिहून मोकळी झाले. वहीची पानं भरून झाली होती. ‘सह्याद्रीच्या कुशीतून वाहत आलेल्या वाऱ्यानं ज्या मातीला अक्षरांची ओढ लावली,’ अशी सुरुवात होती. वाचून मला स्वतःलाच भरून आलं.

नवऱ्यानं ती पानं स्टुडिओत नेली. संध्याकाळी परत आणली तेव्हा समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत त्याचे प्रश्न होते. जिथं मी ‘ज्ञानाची गंगा दारोदारी पोचली’ असं लिहिलं होतं, तिथं त्यानं लिहिलं होतं: ‘गंगा कुठनं आणू?’ ‘पिढ्यान् पिढ्यांचा अंधार दूर झाला’ याच्यापुढं: ‘अंधार दाखवायचा? किती वेळ?’ आणि शेवटच्या पानाखाली: ‘छान आहे. पण मी काय शूट करू?’

मला राग आला. “शाळा शूट करा. शाळेची फिल्म आहे ना?”

“वीस मिनिटं नुसती शाळा?” तो म्हणाला. “अगं, भिंती दाखवून दाखवून संपतील.”

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं स्टुडिओत गेले. तिथं आमची एडिटर बसली होती. ही धारवाडकडची मुलगी, घरी कन्नड बोलणारी. बेळगावात शिकायला आली आणि इथंच राहिली. हिंदीमुळं तिला देवनागरी वाचता येते आणि मराठी ती कानानं शिकली आहे, त्यामुळं तिची मराठी जरा सरळसोट. स्टुडिओतली सगळी कापाकापी आणि जुळवाजुळव तिच्या हातात असते. मला ती आक्का म्हणते.

“आक्का, हे लेख आहे,” ती म्हणाली. “लई चांगलं लेख आहे. पण स्क्रिप्ट न्हाय.”

“फरक काय त्यात?”

तिनं एक कोरा कागद घेतला आणि मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला वर लिहिलं, ‘दृश्य’. उजव्या बाजूला, ‘आवाज’. मग आडव्या रेघा मारून ओळींना आकडे घातले.

“हिकडं डोळा,” तिनं डाव्या रकान्यावर बोट ठेवलं, “हिकडं कान. पडद्यावर जे दिसणार ते सगळं डावीकडं. जे ऐकू येणार ते सगळं उजवीकडं. निवेदन, मुलाखत, गाणं, घंटा, पक्षी, सगळं. आडवं वाचायचं. दोन्ही एकाच वेळेला होतं म्हणून एका ओळीत. चित्र बदललं की नवीन ओळ.”

“म्हणजे माझं सगळं उजवीकडे?”

“व्हय. सरांचं डावीकडं. सर कॅमेरा घेऊन निघताना फक्त डावं वाचतात. निवेदक फक्त उजवं वाचतो. मी दोन्ही वाचते.”

मग तिनं माझ्या लेखातलं पहिलंच जमिनीवरचं वाक्य उचललं. ‘सकाळ झाली की शाळेच्या फाटकातून सायकलींची रांग आत येऊ लागते.’ ते तिनं उजवीकडं लिहिलं आणि डावीकडं लिहिलं, ‘फाटक. सकाळ. सायकली आत येतात.’ कागद माझ्याकडं फिरवला.

मी दोन्ही बाजू वाचल्या. तेच दोनदा होतं.

“ते दिसतंयच की, आक्का,” ती हळूच म्हणाली. “दिसतंय ते सांगू नका. दिसत न्हाय ते सांगा.”

घरी येऊन मी कॉम्प्युटरवर तक्ता केला. नवऱ्यानं डावा रकाना भरायला घेतला आणि मी उजवा. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून आम्ही कितीतरी संध्याकाळी भांडलो. त्या फाटकाच्या ओळीवर मी खूप वेळ बसले. शेवटी शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका बाईंना फोन करून विचारलं, पहिल्या वर्षी मुलं शाळेत कशी येत होती? त्यांनी जुन्या मास्तरांना विचारून कळवलं. मी माझं वाक्य पुसलं आणि नवीन लिहिलं: ‘पहिल्या वर्षी या फाटकातून एकच सायकल आत यायची. ती मुख्याध्यापकांची.’

नवऱ्यानं वाचलं आणि तो हसला. पडद्यावर सायकलींचा लोंढा आणि कानावर एकच सायकल. मलाही एकदम कळलं की रेघेच्या दोन बाजू वेगवेगळं बोलल्या की मधे काहीतरी तिसरंच तयार होतं. लेख लिहिताना हे मला कधी सापडलं नव्हतं, कारण लेखात सगळं मलाच बोलावं लागायचं.

पण सगळ्याच ओळी इतक्या गोडीत झाल्या नाहीत. मी मोबाईलवर वेळ लावून तक्त्यातला प्रत्येक खण मोठ्यानं वाचायची. निवेदन लांब आणि चित्र आखूड असेल तर दोनच उपाय, एक तर चित्रं वाढवा, नाही तर शब्द कापा. नवरा चित्रं वाढवायला तयार नसे.

“ग्रंथालयावर किती वेळ थांबू? कपाट एकच हाय तिथं.”

“अहो, पण पुस्तकं गोळा कशी झाली ते सांगायचंय. बैलगाडीतून आणली होती.”

“बैलगाडी हाय का आता? मग शब्द काप.”

मी कापले. सगळ्यात मोठं भांडण झालं ते घंटेवरून. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला आहे, तीच घंटा. डावीकडं नवऱ्यानं लिहिलं, ‘घंटा जवळून. हात. टोल.’ उजवीकडं मी चार सुंदर वाक्यं लिहिली, काळाच्या टोलांविषयी. त्यानं ती पुसली आणि माझ्या खणात, माझ्या हक्काच्या जागेत लिहिलं, ‘निवेदन नाही. फक्त घंटा.’

“उजवा रकाना माझा आहे,” मी म्हटलं.

“रकाना तुझाच. पण घंटा वाजताना कोण बोलतं का? वर्गात सुद्धा गप्प बसतात.”

“वर्गात घंटा झाली की गोंधळ सुरू होतो. मी शिकवलंय, तुम्ही नाही.”

शेवटी त्याचंच राहिलं, कारण एडिटर त्याच्या बाजूनं झाली. मी दोन दिवस तिच्याशी तुटक बोलले. तिला ते कळलं नाही. कन्नड माणसाशी मराठीत तुटक बोलून काही उपयोग होत नाही, असं माझ्या ध्यानात आलं.

शूटिंगला मी बरोबर गेले. नवरा छापील कागदाच्या डाव्या बाजूवर एकेक ओळ खोडत चालला होता. फाटक झालं, व्हरांडा झाला, कपाट झालं. पाऊस संपून भाताची कापणी चालली होती आणि शाळेमागच्या शेतात बायका गाणी म्हणत होत्या. तो आवाज त्यानं नुसताच टिपून घेतला. उजव्या रकान्यात कुठं तरी लागेल म्हणाला. माझ्या रकान्याची त्याला काळजी आहे हे बघून मला बरं वाटलं, पण मी तसं बोलले नाही.

दोन मुलाखती घ्यायच्या होत्या. एक, पहिल्या तुकडीत शिकलेल्या बाईंची. त्या तुकडीत मुली अगदी थोड्या होत्या, आणि त्यातल्या याच तेवढ्या अजून गावात. आता नातवंडांच्या आजी आणि पंचायतीत बोलणाऱ्या. दुसरी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या आप्पांची. बाई दोन मिनिटं बोलल्या आणि ‘झालं’ म्हणून उठल्या. सुभेदार आप्पा मात्र बोलत सुटले. शाळा, भरती, पठाणकोट, बर्फ, परत शाळा. बॅटरी बदलावी लागली.

स्टुडिओत बसून एडिटरनं आणि मी त्यातला एक तुकडा निवडला. मुलाखत स्क्रिप्टमध्ये कशी लिहायची हेही तिनंच दाखवलं. उजव्या रकान्यात माणसाचं नाव, त्याचं बोलणं, आणि कुठल्या शब्दांपासून कुठल्या शब्दांपर्यंत घ्यायचं ते ठळक अक्षरात. सुभेदारांचं ‘मी पहिल्यांदा बूट घातला तो...’ इथून सुरू व्हायचं आणि ‘...तिथंच माझं इंग्रजी संपलं’ इथं थांबायचं. पुढचं पठाणकोट गेलं.

निवेदनाला बेळगावातले एक सूत्रसंचालक आले. त्यांचा आवाज तुपात तळल्यासारखा. मी त्यांच्यासाठी स्क्रिप्ट मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापली. पान उलटताना मायक्रोफोनमध्ये खसखस येते आणि खण अर्धा एका पानावर, अर्धा दुसऱ्यावर गेला तर वाचणारा अडखळतो, हे तोवर मी शिकले होते. त्यांनी सगळं एका दमात वाचलं. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकताना छान वाटलं आणि थोडं परकंही वाटलं. लुगडं आपलं आणि नेसलंय दुसरीनं, तसं.

मी नवऱ्याला विचारलं होतं, मीच वाचू का? तो म्हणाला, “तुझा आवाज शाळेतल्या बाईंचा वाटतो. माणसं पाठ ताठ करून बसतील.”

समारंभाच्या दिवशी आम्ही तिघं दुपारीच गावात पोचलो. शाळेच्या मैदानावर मांडव, समोर पांढरा पडदा. माणसं लांबलांबून आली होती. पुण्याहून, कोल्हापूरहून, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पहिली पाळी संपवून. प्रमुख पाहुणे शिक्षण खात्यातले एक साहेब होते, कन्नड बोलणारे, मराठी समजणारे. भाषणं झाली, सत्कार झाले, अंधार पडला. अध्यक्षांनी माईक घेतला आणि म्हणाले, “आता आपली शाळा पडद्यावर बघूया.”

प्रोजेक्टर लागला. फाटक दिसलं, सायकली दिसल्या. आवाज नाही.

नवरा धावत साउंडवाल्याकडं गेला. लॅपटॉपपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी वायर आतून तुटली होती. कुणाच्या तरी खुर्चीखाली सापडली असणार. वायर हलवली की करकर आणि सोडली की गप्प. दुसरी वायर नव्हती. साउंडवाल्याचा ॲम्प्लिफायर जुना, त्याला पेनड्राइव्हही लागत नव्हता. गावातल्या मोबाईलच्या दुकानाला कुलूप, कारण दुकानदार शाळेचा माजी विद्यार्थी, तो मांडवातच बसला होता. तो पळत जाऊन एक वायर घेऊन आला, ती दुसऱ्याच टोकाची निघाली. मग लॅपटॉपच्या स्पीकरला माईक लावून बघितला, तर मांडवभर अशी शिट्टी घुमली की पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं.

लोक चुळबुळ करू लागले. अध्यक्षांच्या कपाळावर घाम. “नुसतं चित्र दाखवूया का?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा तीच वायर परत परत हलवून बघत होता. मी त्याला इतकं हताश पूर्वी एकदाच बघितलं होतं, एका लग्नात कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं तेव्हा.

माईक मात्र चालत होता.

माझ्या पिशवीत निवेदकासाठी छापलेली ती मोठ्या अक्षरांची प्रत होती. शाळेच्या दप्तरी ठेवायला मुख्याध्यापिका बाईंनी मागितली होती म्हणून बरोबर घेतली होती. मी ती काढली. एडिटरनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिनं लॅपटॉपशेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, “बसा आक्का. तुम्ही उजवं वाचा. डावं मी बघते. चित्र बदललं की मी टेबलावर टकटक करते.”

“मला जमेल?”

“सगळं लिहिलेलं आहे की.”

नवऱ्यानं माईक माझ्या हातात दिला. एडिटरनं फिल्म परत पहिल्यापासून लावली, मोबाईलच्या उजेडात मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिनं टेबलावर टक केलं.

“पहिल्या वर्षी या फाटकातून एकच सायकल आत यायची,” मी वाचलं, “ती मुख्याध्यापकांची.”

मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “आन् ती बी पंक्चर!” सगळा मांडव हसला. पुढच्या खणाचं टक झालं तेव्हा हसू अजून चालूच होतं. तुपातल्या आवाजाचे गृहस्थ थांबले नसते, ध्वनिमुद्रणाला कुठं थांबता येतं? मी थांबले, एडिटरनं चित्र धरून ठेवलं, हसू ओसरलं आणि आम्ही पुढं गेलो. तेव्हा मला धीर आला. डाव्या रकान्यावरून मला कधी बोलायचं ते कळत होतं आणि माझ्या कापलेल्या वाक्यांमुळं मी कुठंच मागं पडत नव्हते. जे खण मी रडतरडत आखूड केले होते, त्यांनीच मला सांभाळलं.

मग घंटा आली. पडद्यावर रुळाचा तुकडा आणि हात. उजवीकडं: ‘निवेदन नाही. फक्त घंटा.’ मी माईक खाली केला. हात वर गेला, रुळावर पडला, आणि आवाज आला नाही. मांडव एकदम शांत. खरंच, वर्गात बसतात तसा. आणि तेवढ्यात व्हरांड्यातून खणखणीत टोल आला. मुख्याध्यापिका बाई समारंभाच्या काठपदरी साडीत, रुळाखाली हातोडा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडं शूटिंगच्या वेळी दिलेली स्क्रिप्टची आधीची प्रत होती, त्या मनातल्या मनात बरोबर वाचत होत्या. चित्रातला हात त्यांच्या पुढं निघून गेला होता, तरी त्या शेवटपर्यंत टोल देत राहिल्या. सवयीनं काही माणसं उभी राहिली.

मी नवऱ्याकडं बघितलंच नाही. त्यानं मात्र अंधारात माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

पुढं पहिली मुलाखत होती. पडद्यावर त्या आजींचा चेहरा आला, ओठ हलू लागले. उजव्या रकान्यात त्यांचं सगळं बोलणं छापलेलं होतं, मी वाचू शकले असते. पण त्या दुसऱ्या रांगेतच बसल्या होत्या. नवऱ्यानं माझ्या हातातला माईक काढून सरळ त्यांच्याकडं नेला. त्यांनी पडद्यावरच्या स्वतःकडं एक क्षण बघितलं आणि बोलायला लागल्या. शब्द तेच नव्हते, पण गोष्ट तीच. वडील म्हणाले होते, पोरगीला शाळेत घालून काय उपयोग? तर आई म्हणाली होती, निदान एसटीची पाटी तरी वाचेल. “आन् मी वाचली,” त्या म्हणाल्या. “सगळ्या गावाला वाचून दाखवली. कुठली गाडी कुठं जाती ते माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं.” कॅमेऱ्यासमोर त्यांनी हे शेवटचं सांगितलं नव्हतं. पडद्यावरचं त्यांचं बोलणं आणि मांडवातलं बोलणं जवळजवळ एकदमच संपलं. टाळ्या थांबेनात. पाहुणे साहेब मान वळवून त्यांच्याकडं बघत होते. एडिटरनं त्यांच्या बाजूला वाकून कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगितली आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

सुभेदार आप्पांची पाळी आली तेव्हा ते आधीच उठून उभे राहिले होते. माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि सुरू झाले. “मी पहिल्यांदा बूट घातला तो भरतीच्या दिवशी.” तिथंवर स्क्रिप्टप्रमाणं. पुढं बूट, बुटातलं पाऊल, शाळेतले इंग्रजीचे मास्तर, साहेबानं विचारलेला प्रश्न, सगळं आलं. “...आणि तिथंच माझं इंग्रजी संपलं,” ते म्हणाले. मांडव हसला. मी माईक घ्यायला हात पुढं केला. आप्पांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

“पण पठाणकोटला...”

पडद्यावर त्यांचा तुकडा संपत आला होता. एडिटरनं पटकन चित्र थांबवलं. पडद्यावरचे आप्पा तोंड उघडं ठेवून, एक भुवई वर करून थिजले, आणि त्यांच्यासमोर खरे आप्पा हात हलवत पठाणकोटला पोचले. लोक खरे आप्पा बघावेत की पडद्यावरचे, या पेचात हसून हसून बेजार. बर्फ आला, तंबू आला. तंबूत त्यांनी जवानांना पाढे शिकवले, शाळेत शिकले तसेच चालीवर. आप्पांनी सतराचा पाढा म्हणून दाखवला आणि मांडवातल्या जुन्या मुलांनी त्यांना साथ दिली. ते सगळं आम्ही कापलं होतं. आप्पा बसले तेव्हा कुठं एडिटरनं टक केलं.

शेवटच्या खणात शेतातल्या बायकांचं गाणं होतं. तिथं माझ्याकडं काहीच नव्हतं. मी तसंच सांगितलं, “इथं गाणं आहे.” मागच्या बाजूला बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि एकीनं उचललं. पडद्यावर कापणी चालू होती आणि त्यांचं गाणं चित्रापेक्षा बरंच लांबलं, पण तेव्हा घाई कुणालाच नव्हती.

फिल्म वीस मिनिटांची होती. ती बरीच लांबली. अध्यक्ष डोळे पुसत होते. “पाणी आलं बघा, वैनी,” म्हणाले, “पण हसून.”

आठवड्यानं समिती स्टुडिओत आली, फिल्मच्या प्रती न्यायला. आम्ही त्यांना मूळ फिल्म आवाजासकट दाखवली. चित्र स्वच्छ, निवेदन तुपातलं, सगळं जिथल्या तिथं. संपल्यावर सगळे अध्यक्षांकडं बघू लागले.

“चांगलं हाय,” अध्यक्ष शेवटी म्हणाले. “लईच चांगलं हाय. पण आमचं हे न्हवं.”

“म्हंजे?” नवरा म्हणाला.

“आम्हाला त्या दिवसाचं पायजे. वैनींचा आवाज. आप्पांचं पठाणकोट.”

त्या दिवशीचा आवाज कुणीच टिपला नव्हता. नवऱ्यानं तसं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मग परत करूया की, घाई काय हाय? माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. “बाईंचा आवाज वाटतो म्हणाला होतात,” मी आठवण करून दिली. “तेच पायजे,” अध्यक्ष म्हणाले. “शाळेची फिल्म हाय न्हवं?”

तर मी स्टुडिओतल्या त्या लहानशा खोलीत, भिंतीला जुन्या गाद्या टेकवून, माझं निवेदन परत वाचलं. आजी आल्या आणि एसटीची पाटी सांगून गेल्या. सुभेदार आप्पा आले, गणवेशाच्या कोटात, आणि त्यांनी अख्खं पठाणकोट सांगितलं, पाढ्यासकट. एडिटरनं वेळ मोजला आणि मान हलवली. उजवा रकाना डाव्याच्या कितीतरी पुढं गेला होता. आप्पांच्या तंबूवर दाखवायला आमच्याकडं एकही चित्र नव्हतं.

“शब्द कापूया,” मी म्हटलं. मलाच माझं हसू आलं.

“न्हाय,” नवरा म्हणाला. “चित्रं वाढवू.”

रविवारी सकाळी तो आप्पांच्या घरी गेला. दुपारी जेवूनच परतला, कारण आप्पांच्या घरातून न जेवता कुणी बाहेर पडत नाही. येताना त्यानं फडक्यात गुंडाळून जुने फोटो आणले होते. बर्फातली रांग, तंबू, तंबूबाहेर जमिनीवर बसलेले जवान आणि समोर काठी घेऊन उभे असलेले तरुण आप्पा. त्यानं ते एकेक करून टेबलावर मांडले, लॅपटॉप उघडला, तक्त्यात नव्या ओळी घातल्या आणि डावा रकाना भरायला लागला. मधे थांबून त्यानं मला विचारलं, “बर्फाचा फोटो पाढ्याच्या आधी घेऊ का नंतर?”

मी चहाचे कप बाजूला सारले आणि खुर्ची जवळ ओढली.